43 सेकंदांची जाहिरात 30 मध्ये बसवायची: वेग वाढवावा, शब्द छाटावेत की अख्खा मुद्दा काढावा?

रेडिओवर वेळ दहा-दहा सेकंदांच्या हिशोबाने विकली जाते. 30 सेकंदांचा स्पॉट घेतला आणि स्क्रिप्ट 43 सेकंदांची निघाली, की दुकानदाराचं पहिलं उत्तर असतं, "मग 10 सेकंद वाढवा." इथे वाढवायचे 10 नाहीत, 20 आहेत, कारण 43 हे 50 च्या खणात जातात. ज्या पैशांत 60 वेळा जाहिरात लागली असती, त्यात ती 36 वेळाच लागेल. सणाच्या आठवड्यात हा सौदा मला परवडणारा वाटत नाही. तेव्हा कापायचंच, असं धरून पुढे जाऊ.

उदाहरण सिंहगड रोडवरच्या घरघंटीच्या एका दुकानाचं घेऊ. मूळ स्क्रिप्ट अशी:

> (गिरणीचा आवाज)
> बाई: अहो, दळण झालं का?
> गिरणीवाला: लाईट गेली होती. उद्या या!
> निवेदक: रोज तेच उत्तर ऐकून कंटाळलात? दळणाचा डबा घेऊन गिरणीच्या चकरा मारून दमलात? आता काळजी सोडा! गेल्या पंचवीस वर्षांपासून पुणेकरांच्या विश्वासाला पात्र ठरलेल्या आमच्या दालनात आली आहेत घरघंटीची नवनवीन, अत्याधुनिक मॉडेल्स. गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, बेसन, मसाले, सगळं दळा घरच्या घरी, स्वच्छ आणि ताजं. सोबत सुलभ हप्त्यांची सोय आणि मोफत घरपोच सेवा. आणि हो, दसऱ्यापर्यंत कुठलाही जुना मिक्सर आणा आणि घरघंटीवर मिळवा तब्बल दोन हजार रुपयांची सूट! आजच भेट द्या... (नाव, पत्ता, दहा आकडी मोबाईल नंबर, अटी लागू)

कान टवकारायला लावणारी गोष्ट म्हणजे "उद्या या!" आणि दुकानात आणणारी म्हणजे मिक्सरची ऑफर. या दोन्ही टिकल्या पाहिजेत. बाकी सगळं वाटाघाटीचं.

सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे आवाज पळवणं. Audacity मध्ये Change Tempo वापरलं की आवाजाची पट्टी तशीच राहते आणि बोलणं तेवढं जलद होतं. 32 सेकंदांचे 30 करायला हे चांगलं आहे, सहा-सात टक्क्यांचा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. पण 43 चे 30 करायचे म्हणजे वेग जवळजवळ दीडपट. तिथे आधी जोडाक्षरं घसरतात, मग आकडे. गाडी चालवणाऱ्याला "दोन हजार" ऐवजी नुसतं "...हजार" ऐकू येतं. शिवाय "उद्या या!" नंतरची जी क्षणभराची शांतता ऐकणाऱ्याला हसायला वेळ देते, ती या घाईत पहिली जाते. निवेदकाला "जरा फास्ट वाचा" म्हटलं तरी तेच होतं, फक्त त्यात बिचाऱ्याला दमही लागतो.

दुसरा मार्ग छाटणीचा. "नवनवीन", "अत्याधुनिक", "तब्बल", "सोबत", "आणि हो", दमलात-कंटाळलातपैकी एक प्रश्न, "आता काळजी सोडा". हे सगळं गेलं तरी अर्थाला धक्का लागत नाही. मराठी निवेदन सेकंदाला साधारण दोन-सव्वादोन शब्दांच्या चालीने नीट समजतं, म्हणजे सोळा-सतरा शब्द गेले की सातएक सेकंद वाचतात. 36 चे 30 करायचे असते तर एवढ्यावर काम झालं असतं. इथे अजून सहा-सात सेकंद उरतातच. आता तीच कात्री पुढे चालवली तर उरतं ते असं: "घरघंटी. गहू, ज्वारी, बाजरी. हप्ते. घरपोच." वाण्याच्या यादीसारखं. सगळे मुद्दे हजर, पण लक्षात एकही राहत नाही.

छाटणीत आणखी एक धोका असतो. ऑफरच्या वाक्यात शब्द मोजता मोजता "जुना मिक्सर आणा" हा तुकडा जातो आणि "घरघंटीवर दोन हजार सूट" एवढंच उरतं. ऐकायला छान वाटतं, पण गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येतं आणि काउंटरवर वाद होतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात हा स्वतंत्र विषय आहे, तेव्हा "अटी लागू" पुटपुटून सुटका झाली असं समजू नये. ऑफरची मुख्य अट ही ऑफरचाच भाग असते, तिला कात्री लावायची नाही.

म्हणून एवढ्या मोठ्या फरकाला मी तिसरा मार्ग निवडेन: अख्खे मुद्दे उचलून बाहेर काढणं. पंचवीस वर्षं गेली. धान्यांची यादी गेली, कारण घरघंटीत काय दळतात हे पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही. हप्ते आणि घरपोच सेवा दुकानात सांगता येतात. मोबाईल नंबर वाचायला चार-पाच सेकंद लागतात आणि स्कूटरवर बसून तो कुणी लिहून घेत नाही. "राजाराम पुलाजवळ" हे मात्र एकदा ऐकलं की पुरतं.

खरी अडचण पंचवीस वर्षांची असते. "अहो, ते काढलं तर आमचं राहिलं काय?" असं मालक म्हणणार, आणि त्यांचं दुखणं खरं आहे. ती ओळ दुकानाच्या पाटीवर आणि वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत शोभते, तिथे सेकंद मोजावे लागत नाहीत. मालकांसमोर दोन्ही स्क्रिप्ट मोठ्याने वाचून "काय लक्षात राहिलं?" एवढंच विचारावं. कागद हातात दिला की ते पुन्हा शब्द घालायला लागतात!

कापल्यावर असं झालं:

> (गिरणीचा आवाज, एकदम थांबतो)
> बाई: अहो, दळण झालं का?
> गिरणीवाला: लाईट गेली होती. उद्या या!
> (क्षणभर शांतता)
> निवेदक: उद्या कशाला? घरघंटी आणा, हवं तेव्हा घरी दळा. दसऱ्यापर्यंत कुठलाही जुना मिक्सर द्या आणि घरघंटीवर दोन हजार रुपये सूट घ्या.
> बाई: बंद पडलेला मिक्सर चालेल?
> निवेदक: चालेल! जुना मिक्सर द्या, दोन हजार कमी द्या. फक्त दसऱ्यापर्यंत. (दुकानाचं नाव), सिंहगड रोड, राजाराम पुलाजवळ.

हे गिरणीच्या आवाजासकट 27 सेकंदांच्या आसपास जातं. वाचलेल्या जागेत ऑफर दोनदा आली आणि ऐकणाऱ्याच्या मनात येणारी शंका बाईनेच विचारून टाकली. उरलेले दोन-तीन सेकंद भरायचा मोह टाळावा, आवाजांना श्वास घ्यायला ते लागतात. वेळ मोजताना मनात वाचू नका, मनातलं वाचन नेहमी जलद असतं. स्टॉपवॉच लावून, शांततेसकट मोठ्याने वाचा. आकड्यांकडे खास लक्ष ठेवा: कागदावर इवलासा दिसणारा "18,999" तोंडातून "अठरा हजार नऊशे नव्व्याण्णव" होऊन येतो. त्यापेक्षा "एकोणीस हजारांच्या आत" बरं.

हप्त्यांचा मुद्दा सोडवतच नसेल, म्हणजे निम्मी विक्री त्यावरच होत असेल, तर चौथा मार्ग म्हणजे 30-30 सेकंदांचे दोन स्पॉट. सुरुवातीची गिरणी, मिक्सरची ऑफर आणि शेवटचा पत्ता दोन्हीकडे तोच. दुसऱ्यात फक्त बाईचा प्रश्न बदलायचा: "हप्त्यावर मिळेल?" वेळेचा खर्च वाढत नाही, कारण ठरलेल्या 60 फेऱ्याच दोघांत वाटल्या जातात. त्यामुळे प्रत्येक स्पॉट निम्म्या वेळाच ऐकू येतो, म्हणून चार-पाच दिवसांच्या मोहिमेला हे करू नये. तीन आठवडे जाहिरात चालणार असेल तर जरूर करावं, आणि दोन्ही एकाच दिवशी रेकॉर्ड करून घ्यावेत, नाहीतर दुसऱ्या खेपेला त्याच बाईंचा आवाज सर्दीने बसलेला असतो.