पेज फॉल्ट झाल्यावर: तिथूनच पुढे, की पुन्हा पहिल्यापासून?

ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलसाठी एकपातळी पेज टेबलचा सिम्युलेटर लिहायला घेतला की दुसऱ्याच दिवशी एक फाटा येतो. फॉल्ट हाताळणाऱ्या फंक्शननं फ्रेम क्रमांक हातात द्यायचा आणि भाषांतर तिथूनच पुढे न्यायचं, की त्यानं फक्त टेबल दुरुस्त करायचं आणि तोच पत्ता पुन्हा पहिल्यापासून शोधायचा? मी दोन्ही करून बसलोय. परवा डोंबिवलीहून मावसभावाचा हाच प्रश्न आला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा नमुना छोटा होता: १६ बिटांचा पत्ता, ४ केबीचं पेज, चार फ्रेम. `0x5A3C` आला की वरचा आकडा ५ हे पेज आणि `A3C` हा ऑफसेट. पेज ५ फ्रेम २ मध्ये असेल तर उत्तर `0x2A3C`. इथपर्यंत दोन्ही पद्धती सारख्याच.

पहिली पद्धत वाचायला सरळ आहे, हे मान्य करायला हवं. पेज असेल तर टेबलमधून फ्रेम घ्या, नसेल तर `handle_fault` कडून घ्या, ऑफसेट जोडा, संपलं. हिट आणि फॉल्ट मोजणंही सोपं, कारण प्रत्येक पत्ता हिट किंवा फॉल्ट यांपैकी एकाच वाटेनं जातो. व्हायव्हाला फळ्यावर काढून दाखवायची असेल तर हीच बरी.

पण तिनं माझा एक अख्खा रविवार खाल्ला. प्रोग्रॅमनं `0x7010` वर ४२ लिहिलं. पेज ७ मेमरीत नव्हतं. फॉल्ट झाला, रिकामी फ्रेम ३ मिळाली, `0x3010` वर ४२ गेलं. पुढे जागा हवी म्हणून पेज ७ बाहेर काढलं गेलं आणि नंतर `0x7010` वाचलं तर शून्य! कारण बावळट होतं. डर्टी बिट लावायची ओळ हिटच्या वाटेवर होती आणि हे लिहिणं फॉल्टच्या वाटेनं आलं होतं. बिट शून्य, म्हणून बाहेर काढताना पेज डिस्कवर परत लिहिलंच नाही, नुसतं टाकून दिलं. जास्त चीड याची की चूक कधी दिसे, कधी नाही. त्याच पेजवर दुसरं एखादं लिहिणं हिट झालं की बिट लागे आणि आधीचं ४२ही सुखरूप राही. फक्त एकदाच लिहिलेली पेजेस गायब होत.

ती ओळ दोन ठिकाणी लिहिता येते, नाही असं नाही. मग रेफरन्स बिटही दोन ठिकाणी, परवानगीची तपासणीही दोन ठिकाणी. माझ्यासारखा विसरभोळा माणूस एक जागा चुकवणारच.

दुसऱ्या पद्धतीत वाट एकच राहते:

```c
while (!pt[vpn].valid)
    handle_fault(vpn);
pt[vpn].ref = 1;
if (write) pt[vpn].dirty = 1;
return (pt[vpn].frame << 12) | (va & 0xFFF);
```

इथे `if` ऐवजी `while` आहे, ते उगाच नाही. एकाहून जास्त प्रोसेस असतील तर डिस्कवरून पेज येईपर्यंत आपली प्रोसेस झोपलेली असते. ती जागी होऊन पुन्हा चालू लागेपर्यंत ते पेज दुसऱ्या कुणासाठी बाहेर गेलेलंही असू शकतं. खरं हार्डवेअरही असंच वागतं: एक्स८६ वर फॉल्टचा पत्ता `CR2` मध्ये राहतो आणि परतताना तीच सूचना पुन्हा चालते. मोटोरोलाच्या ६८००० ला अशी अडलेली सूचना नीट पुन्हा चालवता येत नसे. ती सोय १९८२ च्या ६८०१० मध्ये आली.

हिचेही जाच आहेत. फॉल्ट झालेला पत्ता दुसऱ्या फेरीत हिट म्हणून मोजला जातो, त्यामुळे बारा पत्त्यांचे सोळा-सतरा दिसायला लागतात. एकूण पत्ते `while` च्या बाहेर मोजा आणि हिट वजाबाकीनं काढा. दुसरं म्हणजे, प्रोसेसला कधी दिलंच नव्हतं असं पेज मागितलं गेलं तर `handle_fault` नं तिथेच प्रोसेस संपवायला हवी. माझं फंक्शन गुपचूप परत यायचं आणि सिम्युलेटर तिथेच गरगरत राहायचा. एकच प्रोसेस असताना लागोपाठ दोनदा त्याच पेजचा फॉल्ट छापला गेला, तर समजा हेच झालंय.

मावसभावाला मी दुसरीच सुचवली, अर्थात त्याची वही त्याची. पहिली आधीच लिहून झाली असेल तर मोडायच्या आधी फ्रेमची संख्या १ करून दोन पेजवर आलटून पालटून लिहा आणि मग ती मूल्यं वाचा. प्रत्येक लिहिणं फॉल्टच्या वाटेनंच जाईल. डर्टी बिटची ओळ राहिली असेल तर पहिल्याच वाचनाला कळेल.