राखाडी आभाळ बदलताना: ल्युमा की, का ब्लू चॅनल?

पावसाळ्यात कोकणात शूट केलं की आभाळ हमखास ओल्या सिमेंटसारखं येतं आणि क्लायंटला ते ‘जरा उजळ’ हवं असतं. राखाडीला स्वतःचा रंगच नसतो, त्यामुळे हिरव्या पडद्यासाठी बनलेले कीअर इथे हात टेकतात. उरतात दोन वाटा: ल्युमावर, म्हणजे एकूण उजळपणावर, की काढून आभाळ पारदर्शक करा किंवा नुसत्या निळ्या चॅनलवर. आफ्टर इफेक्ट्समध्ये दोन्हींना एकच Extract इफेक्ट पुरतो. Channel मध्ये Luminance निवडायचं की Blue, एवढाच प्रश्न.

मी बरीच वर्षं Luminance वर होतो. कंटाळलो तो केळीच्या पानांना. एका कौलारू घराच्या शॉटमध्ये White Point खाली आणला की आभाळ जायचं, पण सोबत उजेड आरपार येणाऱ्या पानांना भोकं पडायची. कर्सर ठेवून आकडे पाहिले. पान साधारण लाल १२०, हिरवा १७०, निळा ५०. आभाळ तिन्हींत २०० च्या आसपास. एचडी व्हिडिओच्या रेक. ७०९ मानकातल्या ल्युमात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, निळ्याचा जेमतेम ७. म्हणजे ल्युमाच्या नजरेत पान १५० वर, आभाळापासून फक्त ५० पायऱ्या लांब. निळ्यात तेच अंतर १५०! Blue निवडलं आणि भोकं बुजली.

ल्युमाची बाजूही ऐका. ४:२:० च्या फुटेजमध्ये रंगाची माहिती निम्म्या रिझोल्यूशनवर असते, त्यामुळे निळ्या चॅनलची कड जराशी खडबडीत येते. नुसती इमारत किंवा विजेच्या तारा असतील तर ल्युमाची कड अधिक स्वच्छ, हे मान्य. चुन्याची भिंत मात्र दोघांनाही आभाळच वाटते, तिथे हाताने मास्क काढण्याला पर्याय नाही. पण आपल्याकडच्या शॉटमध्ये झाड नाही असं कितीदा होतं? माझ्यापुरतं तरी Blue आधी, आणि कड फारच दातेरी दिसली तर White Softness थोडं वाढवून बघतो.

उजेड जुळवणं दोन्हीकडे सारखंच. ढगाळ उजेडात ठळक सावल्या नसतात, म्हणून कडक उन्हाचं गडद निळं आभाळ लावलं की अंगण खोटं पडतं. शिवाय पानांच्या कडांत जुना राखाडी उजेड मुरलेला असतो. गडद निळ्यावर तो पांढऱ्या रेघेसारखा उठतो. मी पातळ ढगांचं, क्षितिजाकडे फिकट होत जाणारं आभाळ घेतो. मग घराच्या हायलाइट्समध्ये किंचित ऊब, सावलीत किंचित निळं. आणि ओली कौलं विसरायची नाहीत, त्यांच्यावर अजून जुनंच आभाळ चमकत असतं. त्या शॉटमध्ये मी ते विसरलो होतो. क्लायंटच्या आईने विचारलं, “वर ऊन आणि कौलांवर पाऊस, असं कसं?”