गच्चीचा ढाळ: विटांचा कोबा की फोम काँक्रीट?

सहा मीटरची गच्ची, मीटरला १ सेंमी ढाळ. जाळीपाशी ६ सेंमी थर धरला तर टोकाला १२, म्हणजे सरासरी ९. विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला तर स्लॅबवर चौरस मीटरला साधारण १७० किलो चढतात. फोम काँक्रीट म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी हलकं केलेलं काँक्रीट; घनमीटरला ८०० किलो घनतेचं घेतलं तर त्याचे ७२. जुन्या इमारतीत हा फरक फार मोठा.

ऊनही फोमच जास्त अडवतो, पण कोरडा असेपर्यंतच. वरून वॉटरप्रूफिंग आणि सिमेंटचा कोबा हवाच. उघडा फोम टाचेखाली भुगा होतो.

विटांचा कोबा गावच्या गवंड्याला जमतो. तुकडे आधी भिजवा, नाहीतर मसाल्यातलं पाणी शोषतात. पाऊस थांबल्यावरही छत ठिबकत राहिलं, तर विटांनी पाणी धरलंय समजा.

नव्या, भक्कम स्लॅबवर मी विटाच घालेन.