लिब्रेऑफिसची हिंदी तपासणी : बरेच महिने वापरल्यावर, आणि एका मॅडमच्या त्यागपत्रावरून

सालेकसा तालुक्यात टायपिंग-झेरॉक्सचं दुकान चालवायचं म्हणजे हिंदी टाळता येत नाही. एका अंगाला छत्तीसगड, दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेश. इकडच्या हिंदी माध्यमाच्या खासगी शाळांचा सगळा पत्रव्यवहार हिंदीत, आणि शिकवणारे मात्र पुष्कळदा मराठी नाहीतर पोवारी बोलणाऱ्या घरातले. रजेचा अर्ज, पगाराचं स्मरणपत्र, त्यागपत्र असं काहीबाही रोज येतं. पावसाळ्यात नेटचा भरवसा नाही, म्हणून बिननेटची तपासणी पाहिजे होती. लिब्रेऑफिस रायटर फुकट आहे आणि त्यात हिंदीचा शब्दकोश टाकता येतो, एवढ्यावर मी तो घेतला. आता बरेच महिने वापरून झाले, तेव्हा काय मिळालं आणि काय नाही ते लिहितो.

बसवणं सोपं आहे, पण एक गोष्ट सुटते. इन्स्टॉल करताना Custom निवडून Optional Components मधल्या Dictionaries मध्ये Hindi आहे का ते बघावं लागतं. मग Tools > Options मध्ये भाषांच्या पानावर Complex text layout समोर टिक करून Hindi निवडायचं. कागद उघडल्यावर खालच्या पट्टीत Hindi दिसलं पाहिजे. तिथं दुसरी भाषा असेल तर हिंदीची तपासणी होतच नाही, आणि गिऱ्हाइकाला वाटतं की कागद स्वच्छ आहे. F7 दाबलं की एकेक शब्द समोर येतो. Shift+F7 ने लाल रेघा चालू-बंद होतात.

आमच्याकडची खरी अडचण कृतीदेवची. शाळेतून पेनड्राइव्हवर येणारं पत्र बहुतेक त्याच फॉन्टमध्ये असतं. डोळ्यांना हिंदी दिसतं, पण फाइलच्या पोटात इंग्रजी कळांची अक्षरं असतात. ‘कार्यरत’ हा शब्द तिथं असा साठवलेला असतो:

```
dk;Zjr
```

शब्दकोश याला हिंदी मानणार कसा? आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावं लागतं. त्यात रफार आणि ऱ्हस्व वेलांटीवर नजर ठेवा. वरच्या अक्षरांत रफाराची Z ही कळ ‘य’च्या नंतर आहे, युनिकोडमध्ये मात्र ‘र्’ आधी येतो. वेलांटीचं उलट असतं, कृतीदेवमध्ये ती व्यंजनाच्या आधी टाइप होते. बदलणाऱ्या प्रोग्रामची गफलत झाली तर ती याच दोन जागी दिसते. वर्ष, कार्य, नियुक्ति हे शब्द आधी बघून घेतले की अंदाज येतो.

आता मुद्द्याचं. ऑगस्टअखेरीस एक मॅडम त्यागपत्र घेऊन आल्या. हातानं लिहिलेलं, घाईत. नाव-गाव काढून मजकूर जसाच्या तसा देतो:

‘माननिय सचिव महोदय, मै आपके विद्यालयमें सहायक शिक्षिका इस पद पर कार्यरत हु। मेरी माँ कि तबीयत ठिक नही रहने से मै मेरे पद का राजीनामा दे रही हु। आपको विनंती है की मेरे राजीनामे को स्वीकृती देकर मुझे 30 सितंबर को छोडा जाए। मैने यहा बहुत कुछ सिखा।’

टाइप केल्यावर लाल रेघा आल्या त्या माननिय, विद्यालयमें, ठिक, विनंती, स्वीकृती अशा शब्दांवर. इथं हे सॉफ्टवेअर पैसे वसूल करून देतं, फुकट असलं तरी. या चुकांमागं अडाणीपणा नाही, मराठी हाताची सवय आहे. मराठीत शेवटची वेलांटी दीर्घ लिहायची शिस्त आहे, म्हणून आपण स्वीकृती, समिती, अनुमती, नियुक्ती लिहितो. हिंदीत हे सगळे ऱ्हस्वच राहतात : स्वीकृति, समिति, अनुमति, नियुक्ति. त्यागपत्रात नेमके हेच शब्द गर्दी करतात. तसंच ‘विद्यालयमें’. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो, आपण ‘शाळेत’ एकत्र लिहितो. हिंदीच्या मानक वर्तनीत नामाचं परसर्ग, म्हणजे में, से, को असला शब्द, सुटं असतं (विद्यालय में, पद से) आणि सर्वनामाचं जोडून (मैंने, आपसे, उसको). सर्वनामाला दोन लागले तर पहिलं जोडून, दुसरं सुटं : उसके लिए, इसमें से. नामाला चिकटवलेलं परसर्ग बहुतेक वेळा लाल रेघेत सापडतं, कारण असा जोडशब्द शब्दकोशात नसतो.

अनुस्वाराचं मात्र शब्दकोशावर सोडू नका. मै, मे, नही, हु यांपैकी कशावर रेघ येते, कशावर येत नाही, याचा हिशेब ठेवण्यापेक्षा Ctrl+H उघडून Regular expressions वर टिक करून मी हे शोधतो:

```
(मै|मे|नही|हु|मैने|यहा)[ ,।]
```

Diacritic-sensitive ही चौकट दिसत असेल तर तिच्यावरही टिक ठेवा, म्हणजे मात्रा-अनुस्वार सोडून शोध होणार नाही. सुरुवातीला मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली नाही. त्यामुळं ‘हमे’, ‘उसमे’, ‘इसमे’ हेही याच जाळ्यात येतात. पण Replace All दाबू नका. ‘मे’च्या जागी कधी में पाहिजे असतं, कधी मैं. एकेक बघूनच बदलायचं.

मॅडम म्हणाल्या, ‘लाल रेघ तर एकही नाही राहिली भाऊ, काढा ना प्रिंट.’ म्हटलं, ‘थांबा मॅडम, अर्धं काम आता आहे.’

कारण ही तपासणी एका वेळी एकच शब्द बघते. शब्द शब्दकोशात असला की तिचं काम संपलं. शेजारचा शब्द काय आहे ते ती बघत नाही. ‘माँ कि तबीयत’ आणि ‘विनंती है की’ या दोन्ही जागी कि-की उलट पडलेत, तरी रेघ नाही, कारण दोन्ही खरे शब्द आहेत. हे उलटं पडण्याचं कारणही मराठीच. आपला ‘म्हणणं आहे की’मधला की दीर्घ, हिंदीतला तोच कि ऱ्हस्व. मी दुकानातल्या पोरांना एकच खूण सांगितली आहे : मराठीत तिथं ‘ची’ बसत असेल तर हिंदीत की, मराठीत ‘की’ बसत असेल तर हिंदीत कि. आईची तबियत, म्हणून माँ की तबीयत. विनंती आहे की, म्हणून निवेदन है कि. ‘सिखा’चंही तसंच. ‘सिखा देना’मध्ये तो बरोबर शब्द आहे, म्हणून रेघ येणार नाही, पण मॅडम शिकल्या होत्या, तेव्हा ‘मैंने सीखा’ पाहिजे.

परसर्गाच्या खऱ्या चुका याच्याही पलीकडच्या. ‘आपको विनंती है’ हे ‘आपणास विनंती आहे’चं शब्दशः रूप आहे. विनंतीचं विनती केलं की रेघ जाते, चूक तशीच राहते, कारण हिंदीत निवेदन, विनती, अनुरोध यांना ‘से’ लागतो : आपसे निवेदन है. ‘मै मेरे पद का’ हे ‘मी माझ्या पदाचा’ वरून आलं. हिंदीत कर्ता स्वतःच्याच वस्तूबद्दल बोलतो तेव्हा अपना येतो, आणि त्यागपत्र ‘पद से’ दिलं जातं : मैं अपने पद से. ‘शिक्षिका इस पद पर’ ही आपली ‘या पदावर’ची लकब, तिथं ‘शिक्षिका के पद पर’. यांतल्या एकाही जागी सॉफ्टवेअर काही बोलत नाही. म्हणून मी शेवटी कागद छापून, पेन्सिल घेऊन फक्त ने, को, से, का-के-की, में, पर एवढ्यांखालीच रेघ मारत जातो आणि प्रत्येकाच्या मागचा-पुढचा शब्द वाचतो. त्यातच ‘महीने के बाद’च्या जागी ‘महीना के बाद’ असल्या रूपांच्या चुकाही दिसतात, कारण परसर्गाच्या आधी नामाचं रूप बदलायला पाहिजे.

राहिला सूर. ‘राजीनामा’ला रेघ येत नाही, हिंदीत तो शब्द आहेच. पण तिथं कागदोपत्री तो दोन पक्षांतल्या समझोत्याला वापरतात. पद सोडण्यासाठी त्यागपत्र. ‘मुझे छोडा जाए’ तर कोणी बांधून ठेवल्यासारखं वाटतं. कार्यालयीन शब्द कार्यमुक्त. शेवटी पत्र असं झालं:

‘माननीय सचिव महोदय, सविनय निवेदन है कि मैं आपके विद्यालय में सहायक शिक्षिका के पद पर कार्यरत हूँ। माता जी के अस्वस्थ रहने के कारण मैं आगे सेवा देने में असमर्थ हूँ, अतः अपने पद से त्यागपत्र दे रही हूँ। कृपया इस पत्र को एक माह की पूर्व सूचना मानकर मेरा त्यागपत्र स्वीकार करें तथा मुझे 30 सितंबर को कार्यमुक्त करने की कृपा करें। इस विद्यालय में मैंने बहुत कुछ सीखा, इसके लिए मैं आभारी हूँ।’

आईच्या आजाराचा तपशील मॅडमना वाढवायचा होता, मी नको म्हटलं. त्यागपत्रात कारण एका ओळीत पुरतं. उरलेल्या पगाराची गोष्ट वेगळ्या अर्जात लिहिलेली बरी, नाहीतर पत्र अटी घातल्यासारखं वाचलं जातं.

पूर्वसूचनेची ओळ मूळ पत्रात नव्हतीच. असल्या उणिवेवर कोणतंही सॉफ्टवेअर रेघ मारत नाही. महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त खासगी शाळांना 1977 चा सेवाशर्तींचा कायदा लागू आहे आणि 1981 च्या नियमांप्रमाणे कायम कर्मचाऱ्यानं तीन महिन्यांची, कायम नसलेल्यानं एका महिन्याची सूचना द्यायची असते. मॅडम कायम नव्हत्या, म्हणून एक माह. त्याच कायद्याच्या कलम 7 मध्ये त्यागपत्राच्या दोन प्रती काढून दोन्हींवर सही आणि तारीख घालायला सांगितलं आहे. एक प्रत व्यवस्थापनाला रजिस्टर्ड पोस्टानं, दुसरी आपल्याजवळ. म्हणून आम्ही तारखेची जागा आधीच टाइप करतो आणि प्रिंट दोन काढतो.

माझं मत विचाराल तर वर्तनीच्या पहिल्या हातासाठी ही तपासणी ठेवाच. मराठीतून हिंदीत आलेल्या माणसाच्या वेलांट्या आणि चिकटलेली परसर्गं ती झटक्यात दाखवते, आणि वीज असेपर्यंत नेटवाचून चालते. परसर्ग बरोबर की चूक आणि सूर नीट की नाही, यासाठी तिच्यावर विसंबू नका.

दुकानात एकापेक्षा जास्त हात काम करत असतील तर आणखी एक. उजव्या क्लिकवर Add to Dictionary येतं. गावांची, आडनावांची नावं टाकायला ते उत्तम आहे, पण आमच्याकडच्या पोरानं गर्दीच्या वेळी ‘विनंती’ आणि ‘समिती’सुद्धा त्यात ढकलले होते. त्यानंतर ते शब्द कधीच लाल झाले नसते. Tools > Options मधल्या Writing Aids च्या पानावर standard.dic निवडून Edit दाबलं की टाकलेल्या शब्दांची यादी उघडते. तिथून नको ते काढता येतात. आता ही यादी मी अधूनमधून स्वतः चाळतो, आणि पोरांना फक्त Ignore दाबायची मुभा आहे.