'आपण' की 'तुम्ही': कार्यालयीन पत्रात कोणाला काय लिहावे?

'तू'चा निकाल आधीच लावून टाकू. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण असली तरी पत्राची प्रत फाइलला लागते आणि ती उद्या तिसराच माणूस वाचतो. त्यामुळे खरी निवड उरते ती 'आपण' आणि 'तुम्ही' यांत.

वरिष्ठांना 'आपण', यात फारसा वाद नाही. वर 'महोदय' किंवा 'महोदया', खाली 'आपला विश्वासू' किंवा 'आपली विश्वासू', हा साचा आजही चालतो. पण अदब सर्वनामापेक्षा क्रियापदात जास्त असते. 'कृपया प्रस्तावाला मान्यता द्या' हे 'कृपया' असूनही फर्मानासारखे वाटते. 'मान्यता द्यावी, ही विनंती' म्हटले की सूर बदलतो.

सहकाऱ्यांना मात्र मी 'तुम्ही'च सुचवेन, आणि कारण अदबीचे नाही, अर्थाचे आहे. 'सोमवारच्या बैठकीत आपण यादी देण्याचे मान्य केले' या वाक्यात यादी कोण देणार? पत्र लिहिणाऱ्याला वाटते समोरचा, समोरच्याला वाटते दोघे मिळून. भविष्यकाळात 'आपण देऊ' आणि 'आपण द्याल' असा फरक दिसतो. भूतकाळात 'केले' दोन्हीकडे तेच राहते. 'तुम्ही मान्य केले' लिहिले की प्रश्नच मिटतो. वरिष्ठांना लिहिताना 'आपण' सोडता येत नसेल, तर 'आपण मान्य केलेत' लिहावे. शेवटचा 'त' समोरच्याकडेच बोट दाखवतो.

ग्राहकाच्या पत्रात हा घोळ पैशांपर्यंत जातो. समजा, लिफ्टची देखभाल करणारी कंपनी एका गृहनिर्माण संस्थेला कळवते: 'कंपनी खराब झालेले सुटे भाग आपल्या खर्चाने बदलेल.' व्याकरणाने पाहिले तर 'आपल्या' म्हणजे कंपनीच्याच. पण आख्ख्या पत्रात संस्थेला 'आपण' म्हटलेले असेल, तर कंपनीचा हिशेबनीस तेच वाक्य 'संस्थेच्या खर्चाने' असे वाचून बिल पाठवेल. इथे 'तुम्ही' वापरून सुटका होत नाही, कारण 'आपल्या'चा दुसरा अर्थ पहिल्या पत्रांमुळे डोक्यात बसलेला असतो. खर्च, मुदत आणि जबाबदारी यांच्या वाक्यांत सर्वनाम काढूनच टाकावे: 'सुट्या भागांचा खर्च कंपनी करेल' किंवा 'संस्थेने द्यायचा आहे'. बाकी पत्रात 'आपण' खुशाल ठेवावे. नव्या ग्राहकाला ते शोभते.

जुन्या, रोज फोनवर बोलणाऱ्या ग्राहकाला 'तुम्ही' लिहिले तर अपमान होत नाही. खटकते ती सरमिसळ. थकबाकीच्या पत्रात पहिल्या परिच्छेदात 'आपले सहकार्य' आणि तिसऱ्यात 'तुम्ही अजून रक्कम भरलेली नाही' आले, की लिहिणाऱ्याचा पारा मधेच चढल्यासारखा दिसतो. तिथे 'रक्कम अद्याप जमा झालेली नाही' एवढे पुरते.