नाव जुळलं नाही म्हणून पैसे परत गेले, आणि मग मी 36,200 रुपये घालवले

मी बडोद्याची, दांडिया बाजाराजवळ राहते. मुलाच्या कॉलेजची फी भरायची होती म्हणून दिवाळीआधी माझ्याकडचं बिटकॉइन विकलं. 2021 मध्ये थोडं थोडं करून 96,000 रुपयांचं घेतलं होतं, विकताना 1,86,000 आले. एक टक्का टीडीएस, म्हणजे 1,860 रुपये, एक्स्चेंजने जागच्या जागी कापले. त्यावर त्यांची किरकोळ फी. गुरुवारी दुपारी मी 1,84,000 रुपये बँकेत काढायला टाकले आणि संध्याकाळी मेल आला: `Beneficiary name mismatch`. बँकेने रक्कम परत पाठवली होती.

हे नाव कसं जुळलं नाही ते आधी सांगते, कारण गुजरातेत राहणाऱ्या आपल्या कितीतरी बायकांची कागदपत्रं अशीच आहेत. माझं पॅन लग्नाआधीचं. त्यावर माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. बँकेचं खातं लग्नानंतरचं, इथल्या पद्धतीचं. आधी सासरचं आडनाव, मग माझं नाव आणि त्याला चिकटून ‘बेन’, मग नवऱ्याचं नाव. एक्स्चेंजवरचं खातं पॅनच्या नावाने असतं. दोन्ही नावं शेजारी ठेवली तर अनोळखी माणसाला त्या दोन वेगळ्या बायकाच वाटतील. 2021 मध्ये मी बँक जोडली तेव्हा चेकचा फोटो पाठवला होता, तो चालून गेला. पैसे भरताना कधी अडलं नाही. काढण्याची मात्र ही पहिलीच वेळ, आणि तीही एवढ्या मोठ्या रकमेची. मार्च 2023 पासून हे एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले आहेत. दुसऱ्याच्या नावावर पैसे जाणं त्यांना चालत नाही.

इथपर्यंत कुणीही मला फसवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी घाबरून मी सोशल मीडियावर एक्स्चेंजच्या पोस्टखाली तक्रार लिहिली. रक्कम लिहिली, तक्रार क्रमांक लिहिला, ‘बँकेने पैसे परत पाठवले, आता कुठे गेले?’ असंही लिहिलं. वीस मिनिटांत मेसेज आला. वर एक्स्चेंजचंच चिन्ह. मग फोन. समोरचा माणूस अगदी शांतपणे हिंदीत बोलत होता. म्हणाला, “मॅडम, पैसा बीच में अटका है, नाम मिलान करना पड़ेगा। और 72 घंटे ऐप मत खोलिए, नहीं तो अकाउंट लॉक हो जाएगा।”

मी ऐकलं. तीन दिवस अ‍ॅप उघडलं नाही. माझा सगळा घात या एका वाक्याने झाला.

शुक्रवारी त्याने ‘नाव जुळवणीची परत मिळणारी अनामत’ म्हणून रकमेच्या पाच टक्के, 9,200 रुपये मागितले. यूपीआयवर पाठवताना समोर कंपनीचं नाव येईना, एका बाईचं नाव दिसलं. मी विचारलं. तो म्हणाला, नोडल अधिकाऱ्याचं खातं आहे. मी पाठवले. शनिवारी त्याने विचारलं, बिटकॉइन कितीला घेतलं होतं? मी 96,000 सांगितलं. त्याने लगेच हिशेब केला: नफा 90,000, त्यावर तीस टक्के, 27,000 रुपये कर, तो भरल्याशिवाय पैसे सुटणार नाहीत. आकडा बरोबर होता आणि म्हणूनच माझा विश्वास बसला. क्रिप्टोच्या नफ्यावर तीस टक्के कर आहेच, वर सेसही आहे. पण तो मी आयकर खात्याला भरायचा असतो, माझ्या पॅनवर, माझ्या विवरणपत्राबरोबर. एक्स्चेंजने विक्रीच्या वेळी कापायचा तो एक टक्का, आणि तो कापून झाला होता. नफ्यावरचा कर आपल्या हातात द्या असं म्हणणारा माणूस एक्स्चेंजचा असूच शकत नाही. हे मला शनिवारी माहीत असतं तर 27,000 वाचले असते.

सोमवारी त्याने ‘रिझर्व्ह बँकेच्या मंजुरी’साठी 50,000 मागितले, आणि सोबत बँकेने पैसे परत केल्याचं एक पत्र पाठवलं, शिक्का मारलेलं. तेव्हा मात्र मी उठून शाखेत गेले.

काउंटरवरच्या भाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. एक्स्चेंजच्या मूळ मेलमध्ये व्यवहाराचा यूटीआर होता, सोळा अक्षरांचा, सुरुवातीला पैसे पाठवणाऱ्या बँकेची चार इंग्रजी अक्षरं. तो त्यांना लगेच सापडला. गुरुवारी आलेला, नाव वेगळं म्हणून त्याच दिवशी परत केलेला. पत्रावरच्या नंबरवर बोट ठेवून ते मोजायला लागले. चौदा, आणि सगळे नुसते आकडे. म्हणाले, “बेन, एनईएफटीचा सोळा असतो, आरटीजीएसचा बावीस. हा कुठलाच नाही.” मग त्यांनी विचारलं, “एक्स्चेंजमध्ये शिल्लक किती दाखवते?”

मी तिथेच, काउंटरला टेकून, चार दिवसांनी अ‍ॅप उघडलं. 1,84,000. शुक्रवारी दुपारीच परत जमा झालेले. पैसा कुठेही अडकलेला नव्हता. बँक परत पाठवते तेव्हा तो जिथून निघाला तिथेच जातो, मध्ये कुठल्या अधिकाऱ्याच्या हातात थांबत नाही, आणि परत यायला पैसे लागत नाहीत. ज्या शुक्रवारी मी 9,200 भरले, त्याच शुक्रवारी माझे पैसे माझ्या नावावर येऊन बसले होते. ते मला दिसू नयेत म्हणून तर 72 तासांची अट होती.

शाखेतूनच 1930 ला फोन केला, नंतर cybercrime.gov.in वर यूपीआयचे दोन्ही व्यवहार नोंदवले. 9,200 तोवर पुढे सरकले होते. 27,000 पैकी 11,400 त्या खात्यात सापडले आणि रोखले गेले. ते अजून माझ्या हातात आलेले नाहीत. शनिवारीच फोन केला असता तर जास्त थांबले असते, असं मला वाटत राहतं.

खरं काम साधं निघालं. एक्स्चेंज पॅनचं नाव धरतं, म्हणून नाव एकाच बाजूला बदलून भागत नाही. मी आधी पॅनवर सासरचं आडनाव करून घेतलं, मग विवाह नोंदणीचा दाखला, आधार आणि नवं पॅन देऊन बँकेत केवायसी अर्ज भरला. ‘बेन’ काढलं, क्रम पॅनसारखा केला. एक्स्चेंजवरही नवं पॅन चढवलं आणि बँक पुन्हा जोडली. त्यांनी खात्यात एक रुपया टाकून नाव तपासलं. यावेळी मी आधी 1,000 रुपयेच काढले. ते आल्यावर बाकीचे. फी मात्र तोवर दिरांकडून उसनी घेऊन भरावी लागली.

माझी जुनी तक्रार काढून टाकायला गेले, तर खाली दुसऱ्या एका बाईंची तशीच तक्रार होती, रक्कम आणि तक्रार क्रमांकासकट. तिच्याखाली तेच चिन्ह लावलेला तोच मजकूर: ‘मेसेज करा, मदत करतो.’ मी तिला लिहिलं, “ताई, कुणाला काही देऊ नका, आधी अ‍ॅप उघडून शिल्लक बघा.” तासाभराने तिचं उत्तर आलं. पैसे तिथेच होते.