अडकलेला चिकट हुक: गरम हवा की खोबरेल?

खानापुरात भाड्याची खोली सोडताना दोन हुक काढायचे होते. पहिल्यावर हेअर ड्रायर चार बोटांवरून मिनिटभर धरला. डिंक मऊ पडल्यावर हुकामागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा वरून खाली ओढला. हुक हातात आला, रंग जागेवर. उरलेला डिंक बोटानं चोळला की गोळ्या होऊन निघतो.

दुसऱ्याच्या कडेला खोबरेल सोडलं. तासाभरानं तोही सुटला, पण डिस्टेंपर तेल पिऊन बसलं. तो डाग साबणानं गेला नाही आणि त्यावर नवा रंगही नीट धरत नाही. ऑइलपेंट असता तर पुसून निघालं असतं.

म्हणून डिस्टेंपरला दोराच. मात्र आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंत ओल धरते, तेव्हा हुकाशेजारी टिचकी मारा. पोकळ वाजलं तर रंग आधीच सुटलाय, दोराही वाचवणार नाही.